गिळलेली बी आणि वाटलेली बी: माण तालुक्यातल्या एका घरातलं सीताफळाचं प्रकरण

पार्श्वभूमी

दहिवडीच्या पुढे डोंगराच्या कडेला असलेल्या एका गावात माझा दवाखाना आहे. ऑक्टोबरात इथं घरोघरी सीताफळं असतात. बांधावरची, माळावरची, कुणी न लावलेलीही. फळाचे डोळे उघडले की ते तोडायचं, भुशात नाहीतर ज्वारीच्या कणगीत दोन-तीन दिवस दाबून ठेवायचं आणि मऊ झालं की ओसरीवर बसून खायचं. बिया थुंकण्यात पोरांच्या शर्यती लागतात.

हे प्रकरण एकाच घरातलं आहे आणि पाच दिवसांत घडलेलं. घरात आजी, मुलगा-सून, अकरा वर्षांची नात आणि चार वर्षांचा नातू. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, औषधोपचाराचा भाग तसाच ठेवला आहे. सीताफळाची बी विषारी असते का, हा प्रश्न या घरानं मला दोनदा विचारला. रविवारी फार घाबरून विचारला, तेव्हा घाबरायचं कारण नव्हतं. गुरुवारी तो विचारायच्या आधीच इजा झालेली होती.

रविवार: गिळलेल्या बिया

संध्याकाळी सातच्या सुमाराला आई नातवाला कडेवर घेऊन आली. "डॉक्टर, ह्यानं बिया गिळल्यात. पाच-सहा तरी असतील. शेजारच्या काकू म्हणत्यात, सीताफळाच्या बीत इख असतंय." पोरगा मजेत होता, हातात अर्धं बिस्कीट होतं.

शेजारच्या काकूंचं म्हणणं खोटं नव्हतं. बीच्या आतला पांढरा गर, म्हणजे मगज, विषारीच असतो. त्यात ॲसिटोजेनिन नावाची मेणचट द्रव्यं असतात. प्राण्याच्या जवळपास प्रत्येक पेशीत ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया नावाचे बारीक भाग असतात. ही द्रव्यं त्यांच्या कामाची पहिलीच पायरी अडवतात, आणि ऊर्जा बंद पडली की पेशी मरते. म्हणून बियांच्या पुडीनं उवा मरतात आणि धान्यातली कीड मरते. बिया ठेचून डोहात टाकून मासे मारायची पद्धतही जुनी आहे. दशपर्णी अर्कात सीताफळाचा पाला घालतात, कारण पानांतही कीटकांना मारणारी द्रव्यं आहेत.

पण हे विष एका पेटीत बंद असतं. बीचं काळं, गुळगुळीत टरफल फार टणक असतं. पोटातलं आम्ल आणि पाचकरस त्याला भेदू शकत नाहीत. अख्खी गिळलेली बी जशी आत जाते तशीच एक-दोन दिवसांत शौचातून बाहेर पडते. आमच्या डोंगरावरची कुणी न लावलेली झाडं त्याचीच साक्ष आहेत. पाखरं आणि जनावरं फळ खातात, बी त्यांच्या पोटातून धड निघते आणि पावसात रुजते. तिची साल पोटात विरघळत असती तर ती रुजलीच नसती.

म्हणून मला तीन गोष्टी कळायला हव्या होत्या. त्यानं बिया चावल्या होत्या का, त्याला ठसका लागला होता का, आणि बी नाकात किंवा कानात घातली होती का.

चावलेली बी लपत नाही. मगज कडू असतो आणि तोंडाची आग होते. चार वर्षांचं पोर तो गप गिळणार नाही, थुंकून रडेल. दातांत काळ्या टरफलाचे तुकडे राहतात. टॉर्च धरून मी त्याचं तोंड पाहिलं, तर जिभेवर फक्त बिस्किटाचा चिखल होता. ठसक्याचं मी दोनदा विचारलं, कारण एवढ्या लहान मुलाला सीताफळाच्या बीचा खरा धोका विषाचा नसून श्वासनलिकेचा असतो. बी गुळगुळीत असते आणि शेंगदाण्यासारखी सहज निसटते. खाताना एकदम जोराचा खोकला आला, नंतर पोर शांत झालं, पण छातीत एका बाजूला हवा कमी जाते किंवा शिट्टीसारखा आवाज येतो, असं असेल तर आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. इथं तसं काही नव्हतं. दोन्ही बाजूंना श्वास सारखा ऐकू येत होता.

रविवारी तोललेले पर्याय

घरून निघताना आजींनी मिठाचं पाणी पाजायला सांगितलं होतं, उलटी व्हावी म्हणून. आईनं ते पाजलं नव्हतं, हे फार बरं झालं. लहान मुलाला मिठाचं पाणी पाजलं की रक्तातलं मीठ धोकादायक वाढू शकतं, आणि उलटीबरोबर वर आलेली बी श्वासनलिकेत जायची भीती असते. पोटात निरुपद्रवी बसलेली वस्तू उगाच धोक्याच्या वाटेवर आणायची, असा तो प्रकार.

वडील फोनवरून एक्स-रे काढायला सांगत होते. एक्स-रेत बी बहुधा दिसतच नाही, आणि दिसली असती तरी पुढं करायचं काहीच नव्हतं. तिसरा पर्याय रात्रभर दवाखान्यात ठेवण्याचा होता. तो मी क्षणभर तोलला, कारण आई फार घाबरली होती. पण दवाखान्यात ठेवलं असतं तर 'बी गिळणं धोक्याचं' हीच समजूत पक्की झाली असती.

मी काहीच औषध दिलं नाही. रोजचं जेवण आणि पाणी चालू ठेवा, पोट दुखलं, उलट्या झाल्या किंवा श्वास लागला तर रात्री कधीही या, एवढं सांगितलं. तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला, पाच बिया मोजून मिळाल्या होत्या.

रविवारी निघताना तिनं सासूबाईंबद्दल आणखी एक वाक्य बोललं होतं. "पोरांनी खाऊन टाकल्याल्या बाकीच्या बिया आत्यांनी धुऊन पत्र्यावर वाळत घातल्यात." ते मी ऐकलं आणि सोडून दिलं. कशाला वाळत घातल्यात, एवढंच विचारायचं होतं. या प्रकरणातला निर्णयाचा खरा क्षण तोच होता आणि तो माझ्या हातून निसटला.

मग गर का चालतो

आईनं विचारलं होतं, की बीत विष असेल तर बीला चिकटलेला गर पोरांनी का खायचा? प्रश्न रास्त आहे, उत्तर फळाच्या बांधणीत आहे.

सीताफळ म्हणजे एका फुलातल्या पुष्कळ बीजकोशांनी एकमेकांना चिकटून केलेलं फळ. वरून दिसणारा प्रत्येक डोळा हा एकेक बीजकोश. त्याची भिंत फुगून, गोड होऊन गराची पाकळी बनते आणि तिच्या पोटात बी बसते. म्हणजे गर हा बीचा भाग नाही, तो बीभोवतीचा खाऊ आहे. खाणाऱ्यानं फळ उचलून दूर न्यावं यासाठी तो गोड असतो, आणि बी फोडू नये यासाठी मगज कडू आणि विषारी असतो. दोन्हींच्या मध्ये टरफलाची भिंत असते.

दुसरं कारण त्या द्रव्यांच्या स्वभावात आहे. ती तेलात विरघळतात, पाण्यात जवळपास नाही. मगज तेलकट असतो आणि विष त्या तेलात असतं. गर म्हणजे पाणी, साखर आणि थोडे तंतू. अख्ख्या बीमधून विष झिरपून गरात उतरेल, असं होत नाही. पिकलेल्या गरात अशा द्रव्यांचा अंश मुळीच नसतो असं मी म्हणणार नाही. वेस्ट इंडीजमधल्या ग्वादलूप बेटावर १९९९ मध्ये डॉक्टरांनी पार्किन्सनसारख्या एका वेगळ्या आजाराचा संबंध सीताफळाच्याच कुळातलं लक्ष्मणफळ नेमानं खाण्याशी आणि त्या कुळातल्या झाडांच्या पानांचा काढा पिण्याशी जोडला होता. ते फळ वेगळं, खाण्याची रीत वर्षानुवर्षांची, आणि कारण म्हणून तो संबंध पक्का सिद्ध झालेला नाही. आपण हंगामात सीताफळं खातो त्याला तो दाखला लावता येत नाही. पानांचे आणि बियांचे काढे रोज पिणाऱ्यांना मात्र मी तो सांगतो.

गर बिघडतो तो माणसाच्या हातून, मिक्सरमध्ये. बासुंदी किंवा मिल्कशेकसाठी बियांसकट गर फिरवला की पातं टरफल फोडतं आणि मगज दुधात मिसळतो. दुधात स्निग्धांश असतोच. त्यात काळे कण दिसले किंवा चवीला कडवटपणा आला, तर गाळून वाचवायचा प्रयत्न करू नये, टाकून द्यावं. गर चाळणीवर हातानं किंवा लाकडी पळीनं दाबून काढला की बिया अख्ख्या वर राहतात.

गुरुवार: वाटलेल्या बिया

दुपारी चारला वडील नातीला घेऊन आले. तिनं दोन्ही डोळे घट्ट मिटले होते, गालावरून पाणी वाहत होतं आणि ओढणी डोळ्यांवर दाबून धरली होती. "डोळ्यात वाळू भरल्यागत होतंय. उजेड बघवंना."

घटना अशी होती. मुलीच्या डोक्यात उवा झाल्या होत्या. आजींनी वाळलेल्या बिया खलबत्त्यात फोडल्या, मिक्सरवर बारीक केल्या, पूड खोबरेल तेलात कालवून बुधवारी रात्री मुलीच्या डोक्याला चोळली आणि वर फडकं बांधलं. गुरुवारी सकाळी मुलीनं मोरीत बसून, मान पुढं वाकवून डोकं धुतलं. पाणी कपाळावरून डोळ्यांत आलं. थोडं चुरचुरलं, साबणाचं असेल म्हणून ती शाळेत गेली. दुपारपर्यंत डोळे लाल झाले. बाईंनी नळाखाली दोन मिनिटं धुवायला लावले आणि घरी निरोप धाडला.

हा उशीर या विषाचा नेहमीचा आहे. तिखट गेलं तर आग लगेच होते आणि तासाभरात ओसरते. सीताफळाच्या पुडीनं सुरुवातीला थोडंच चुरचुरतं, पेशी मरायला वेळ लागतो आणि दुखणं काही तासांनी वाढत जातं. डोकं धुतल्यावर अर्ध्या दिवसानं डोळे लाल होऊन उजेड सहन होत नसेल, तर आधी डोक्याला काय लावलं होतं ते विचारावं.

टाळूच्या कातडीवर मेलेल्या पेशींचा जाड थर असतो, म्हणून तिथं फारसं काही झालं नाही. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, त्याच्या वरच्या पेशी जिवंत आणि उघड्या असतात. खोबरेल तेलानं तर हानी वाढवली. तेलात उतरणारं विष मगजातून तेलात आलं, आणि तेल डोळ्याला चिकटून बसलं. नळाच्या दोन मिनिटांच्या पाण्यानं ते निघणार नव्हतं.

गुरुवारी तोललेले पर्याय

लगेच साताऱ्याला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवायचं की आधी इथंच धुवायचं? रस्ता दीड-दोन तासांचा. तेवढा वेळ पूड पापणीखाली राहिली असती. मी आधी धुवायचं ठरवलं आणि धुणं चालू असताना तिकडं फोन केला.

वडिलांच्या खिशात मेडिकलमधून आणलेले थेंब होते, लाली घालवणारे म्हणून दिलेले. लेबल वाचलं तर त्यात प्रतिजैविकाबरोबर स्टेरॉइड होतं. ते अजून घातले नव्हते. कॉर्नियाची वरची साल गेलेली असताना, आणि त्यावर झाडाचा कचरा पडलेला असताना, तपासणीआधी स्टेरॉइड घालणं म्हणजे बुरशीला वाट करून देणं. शेतीच्या भागात कॉर्नियाची बुरशी आम्ही पाहतो आणि त्यात नजर जाते. ते थेंब मी काढून घेतले.

आजी घरून सारख्या फोन करत होत्या, एरंडेल घाला, थंड पडंल. तेलानं झालेल्या इजेवर पुन्हा तेल नको, एवढंच सांगितलं.

काय केलं

डोळा सुन्न करणारा एकेक थेंब घातला, तेव्हा कुठं तिनं डोळे उघडले. हा थेंब तपासणीपुरताच असतो. दुखणं थांबतं म्हणून घरी द्यायचा नाही, त्यानं जखम भरायची थांबते. लिटमससारखी पट्टी लावून पाहिली तर आम्ल नाही की अल्कली नाही, आकडा ७. चुना किंवा ॲसिड गेल्यावर ही पट्टी उपयोगी पडते, इथं ती दिशाभूल करते. आकडा चांगला आला म्हणून धुणं थांबवायचं नव्हतं.

सलाईनच्या बाटलीला नळी जोडून प्रत्येक डोळ्यात अर्धा लिटर पाणी संथ धारेनं सोडलं. मग वरची पापणी कापसाच्या काडीवर उलटी केली. उजव्या पापणीच्या आत, अगदी वरच्या घडीत, तिळाच्या चतकोराएवढे तीन तपकिरी कण तेलाच्या थरात रुतून बसले होते. ओल्या कापसानं एकेक टिपून घेतला आणि पुन्हा अर्धा लिटर सोडला. हे कण राहिले असते तर प्रत्येक पापणी मिटताना ते कॉर्नियावर घासले गेले असते आणि विषही सोडत राहिले असते. घरी कितीही पाणी मारलं तरी तिथवर हात पोचत नाही.

धुतल्यावर उजव्या डोळ्यानं तिला दोन मीटरवरची बोटं मोजता येत होती, त्यापलीकडे धूसर. डाव्यानं तक्त्यावरच्या वरच्या तीन ओळी. केस सौम्य शांपूनं दोनदा धुतले, या वेळी मान मागं टाकून, कपाळाला टॉवेल बांधून. डोक्यात पूड राहिली असती तर रात्री उशीवरून पुन्हा डोळ्यात गेली असती. मग सहाच्या सुमाराला ते साताऱ्याला निघाले.

तिथं डोळ्यात रंगाची पट्टी लावून निळ्या उजेडात पाहिलं. उजव्या कॉर्नियाचा निम्म्याहून जास्त भाग हिरवा चमकला, म्हणजे तेवढी साल गेलेली. डाव्याला ठिपके ठिपके होते. प्रतिजैविकाचे थेंब, बाहुली सैल करून दुखणं कमी करणारे थेंब आणि कृत्रिम अश्रूंचे थेंब सुरू झाले. डोळ्यावर पट्टी बांधली नाही, कारण झाडाचा कचरा गेलेला डोळा रोज उघडून पाहावा लागतो. स्टेरॉइड दिलं नाही.

निकाल

शुक्रवारी दुखणं आदल्या दिवसापेक्षा जास्त होतं. वडील घाबरून म्हणाले, औषध लागू पडत नाही. पेशी मरायची क्रिया दुसऱ्या दिवशीही चालू राहते, हे मी गुरुवारीच सांगायला हवं होतं. सोमवारपासून ती घरात अंधार न करता बसू लागली. सातव्या दिवशी उजव्या डोळ्यात रंग पकडला जात नव्हता, साल पुन्हा आली होती. तीन आठवड्यांनी दोन्ही डोळ्यांची नजर ६/६ होती आणि कॉर्नियावर डाग नव्हता. जखम वरच्या थरापुरती राहिली म्हणून हे झालं. खोल गेली असती किंवा बुरशी लागली असती, तर ६/६ आलं नसतं.

पुन्हा वेळ आली तर

रविवारी मी पोराचं तोंड पाहिलं, छाती ऐकली, आईची भीती घालवली. पण "बी निरुपद्रवी आहे" असं मी मोघम बोललो. ते वाक्य आजींपर्यंत पोचलं आणि त्यांच्या पुडीला माझी परवानगी मिळाल्यासारखं झालं. मी म्हणायला हवं होतं, "अख्खी बी निघून जाते, फुटलेली बी विष आहे." आता सीताफळाच्या हंगामात बी गिळलेलं मूल आलं की मी हे पूर्ण वाक्य बोलतो आणि विचारतो, उरलेल्या बियांचं काय करता?

दुसरी सुधारणा शाळेच्या बाबतीत. बाईंनी डोळे धुतले हे योग्यच होतं, पण दोन मिनिटं पुरत नाहीत. पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडून, मध्येमध्ये पापण्या उचलून धुवायला हवं आणि तिथूनच दवाखान्यात न्यायला हवं. हे मी नंतर शाळेत जाऊन सांगितलं.

आजींशी बोलायला मला आठ दिवस लागले. त्या समोर येत नव्हत्या. "माझ्या आईनं माझ्या डोक्याला हेच लावलं, मी लेकींना लावलं," असं म्हणून त्या रडल्या. त्यांचं खोटं नव्हतं. पुडीनं उवा खरंच मरतात, आणि प्रत्येक वेळी पाणी डोळ्यात जातंच असं नाही. पण औषध डोक्याला आणि धोका डोळ्याला, आणि मधे फक्त पोराची मान कुठं वाकते एवढंच अंतर. मी त्यांना उवांसाठी एक टक्क्याचं परमेथ्रिन लोशन दिलं. धुतलेल्या, टिपलेल्या केसांना दहा मिनिटं लावून धुवायचं, डोळ्यांवर कोरडा टॉवेल धरायचा, आठ-नऊ दिवसांनी पुन्हा एकदा. लोशन लिखांना पुरतं मारत नाही, म्हणून दुसरी वेळ चुकवायची नाही आणि मधल्या दिवसांत ओल्या केसांतून लिखांची बारीक फणी फिरवायची. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासली. आईच्या केसांतही उवा निघाल्या.

उरलेली पूड मसाल्याच्या बरणीत भरून चुलीमागच्या फळीवर ठेवलेली होती, काळ्या मिऱ्याच्या पुडीशेजारी, दिसायला जवळपास तशीच. बरणीवर चिठ्ठी नव्हती. वडिलांनी ती गोठ्यामागं, विहिरीपासून लांब, हातभर खोल खड्डा करून पुरली आणि बरणीही त्यातच टाकली. मिक्सरचं भांडं आईनं तीन वेळा गरम पाण्यानं आणि साबणानं घासलं, तरी चटणीसाठी ते पुन्हा वापरायला तिचं मन झालं नाही. आजींनीच पुढच्या बाजारात नवं भांडं आणलं.